चौकटीखाली गेलेली अक्षरं

चिंचवडच्या त्या फोटो स्टुडिओत मी जोडकाम करायचो. पाचवीतून शाळा सुटली, मराठवाड्यातलं घर सुटलं, आणि इथल्या मालकांनी हातात कुंचला दिला. त्यांचे उपकार आजही फिटलेले नाहीत. तेव्हा मात्र आपल्या हातून काही चुकेल आणि परत गावाची वाट धरावी लागेल, ही धास्ती सतत मनात असायची.

जोडकाम म्हणजे एका फोटोतला माणूस कापून दुसऱ्या फोटोत उभा करणं. कापलेल्या माणसाची कड मागून पॉलिश कागदानं घासून पातळ करायची, चिकटवायची, सांध्यावर रंग भरायचा, पायाशी सावली काढायची आणि त्या सगळ्याचा पुन्हा एक फोटो घ्यायचा. मग सांधा दिसत नाही. म्हणूनच मालकांचा नियम होता: शेवटचा फोटो घेण्याआधी चित्रावर पांढऱ्या रंगानं ‘जोडचित्र’ लिहायचं. म्हणजे निगेटिव्हच्या काचेवर ती अक्षरं उतरतात आणि प्रत्येक प्रतीवर येतात.

एकदा चऱ्होलीकडचा एक शेतकरी आला. धाकट्या भावाचा जुना फोटो त्यानं टेबलावर ठेवला.

“ह्याला पिंपरीच्या कारखान्याच्या गेटापुढं हुबा करायचा. दोन वर्सं झाली, घरातनं गेलाय. पत्ता न्हाई. आई जेवत न्हाई, राव. तिला सांगितलंय, कारखान्यात लागलाय, सुट्टी मिळत न्हाई.”

मालक म्हणाले, “करून देऊ. पण जोडचित्र असं लिहिणार.”

“तिला कुठं वाचता येतंय?”

“तिला नसेल येत. बघणाऱ्याला येतं.”

मालक आत गेल्यावर तो माझ्याकडं वळला. “भाऊ, तुमी बी लांबचं दिसताय. तुमच्या आईला असा फोटू गेला तर तिला बरं वाटंल का न्हाई?”

माझी आई डोळ्यांपुढं आली. मी अक्षरं लिहिली, पण अगदी खालच्या कडेला. फ्रेमवाला पुठ्ठ्याची चौकट लावतो, ती कडेचं अर्धं बोट झाकते, हे मला पक्कं ठाऊक होतं. मालकांनी ओली प्रत उजेडात धरली, अक्षरं आहेत एवढं पाहिलं आणि मान हलवली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

महिन्याभरानं एक म्हातारी दारात आली. डोक्यावर ऊन, काखेत फडक्यात गुंडाळलेली फ्रेम, हातात भाकरीचं गाठोडं.

“ह्यो फोटू तुमीच काढला न्हवं? मागं तुमचा शिक्का हाय म्हनं. माजं पोरगं हुबं होतं तवा काय म्हनलं?”

मी फ्रेम हातात घेतली. तीच सांगत राहिली. चऱ्होलीहून चालत येऊन ती तीन दिवस कारखान्याच्या गेटावर बसली होती. पहारेकऱ्यानं फोटो पाहिला, म्हणाला, “आजी, दुसऱ्या शिफ्टला असेल.” सुटलेल्या कामगारांनी पाहिला. एक जण तर म्हणाला, “ह्याला बघितल्यासारखं वाटतंय.” त्या सगळ्यांना वाचता येत होतं.

मी फ्रेम पालथी केली, खिळे उपसले, पुठ्ठा काढला. खाली पांढरी अक्षरं होती.

“मावशी, इथं लिहिलंय. हा फोटो जोडलेला आहे. तुमचा मुलगा तिथं उभा नव्हता.”

“पर सावली हाय की त्याची!”

“ती मी काढली.”

तिनं सावलीवरून बोट फिरवलं. मग विचारलं, “थोरल्याला ठावं हाय?”

मी होकारार्थी मान हलवली.

मालक मागं येऊन उभे होते. जोडकामासाठी जुन्या फोटोवरून घेतलेली काच शोधून त्यांनी पोराची एकट्याची प्रत मला काढायला लावली. ती वाळेपर्यंत म्हातारी बाकावर बसून होती. गेटाचा फोटो तिनं नेला नाही. जाताना गाठोडं माझ्यापुढं ठेवलं.

“त्याच्यासाठनं आणली व्हती. तू खा. तू बी कुनाचं तरी हाईस.”

ती गेल्यावर मालक म्हणाले, “लिहिलंस रे तू. दिसेल असं नाही लिहिलंस.” कामावरून काढतील असं वाटलं होतं, काढलं नाही. त्या दिवसापासून अक्षरं जोडलेल्या माणसाच्या पायाशी, सावलीच्या बाजूला लिहायची ठरली. तिथं कुठलीच चौकट पोचत नाही.

पुढं किती जोडचित्रं केली, आठवत नाही. पायाशी अक्षरं लिहिताना मात्र दर वेळी ते तीन दिवस मनात यायचे. कडेपासून चार बोटं वर लिहिलं असतं, तर पहिल्याच दिवशी पहारेकऱ्यानं तिला सांगितलं असतं.

भाकरी मी खाल्ली. सोबत लसणाची चटणी होती, आणि भाकऱ्या दोन होत्या. एक तिची स्वतःची असावी.