भावनाच्या नावावरची सात वर्षे

अकोल्याच्या एका डाळमिलमध्ये संध्या इंगळे पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने कामाला लागली. त्याआधीची सात वर्षे तिने अमरावतीजवळ नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यात काढली होती, पण थोरल्या बहिणीच्या, भावनाच्या नावाने. तेव्हा संध्याला सतरावे सरत होते आणि ठेकेदाराला अठरा पूर्ण झालेली मुलगी हवी होती. भातकुलीत लग्न करून दिलेल्या भावनाने आपले आधार कार्ड तिच्या हातावर ठेवले. ठेकेदाराने फोटो पाहिला, संध्याकडे पाहिले, आणि नाव चढवले. त्या पाळीत उसन्या नावाच्या आणखीही मुली होत्या. कुणाला त्यात वावगे वाटत नसे.

पाचव्या वर्षी भावना काविळीने गेली. तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी आटोपून संध्या पुन्हा भावना म्हणून कामावर रुजू झाली.

आणखी दोन वर्षांनी कारखाना बंद पडला आणि ती डाळमिलमध्ये आली. आता आई, पार्बताबाई, खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळली होती. ऑपरेशनसाठी भविष्य निर्वाह निधीतून उचल घ्यायची, आणि त्यासाठी जुनी शिल्लक नव्या खात्यात आणायची, एवढाच संध्याचा हिशेब होता.

सेवा केंद्रातल्या नितेशने तिचा नवा यूएएन, म्हणजे निधीचा खाते क्रमांक, सुरू करून दिला. आधारचा ओटीपी आला, मोबाईलसमोर चेहरा जुळला. बँकेच्या पासबुकावरचा खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड भरला. काही दिवसांत बँकेची पडताळणीही झाली. मग संध्याने जुना यूएएन पुढे केला.

"ही भावना कोन व ताई?"

संध्याने सांगितले. नितेशची बोटे थांबली.

"आधार दुसऱ्याचं, जन्मतारीख दुसऱ्याची. हे तुमच्या खात्यात येतच नाही."

"तिचं सीम मायाजवळच आहे. ओटीपी येते. तिचंच खातं सुरू करून पाहा ना."

"चेहरा लागते, ताई."

"आमी दोघी सारख्याच दिसतो. सासरचे लोकंही फसत."

ओटीपी आला. संध्याने पदर सारखा केला आणि मोबाईलकडे पाहिले. चेहरा जुळला नाही. उजेडात जाऊन पाहिले, तरी नाही.

"मंग जीवनभाऊजीले दावा करू द्या. नवरा आहेत ते तिचे."

"मृत्यूचा दाखला लागन. त्यावरची तारीख आन् शेवटच्या पगाराची तारीख पाहा. मेलेली बाई दोन वर्सं कामाले कशी आली, हे पयले विचारतीन."

"काम तं म्याच केलं न, भाऊ."

"केलं. कागदावर नाही केलं. पीएफच्या ऑफिसात जाऊन खरं सांगून पाहा."

"खोट्या नावाचं लफडं निघालं तं? हीबी नोकरी जाईन."

नितेशने पैसे घेतले नाहीत.

पडद्यावर तिच्या स्वतःच्या खात्यात डाळमिलची तेवढीच नोंद होती. दप्तरापुरते पाहिले, तर तिने त्याआधी आयुष्यात कधी काम केलेच नव्हते.

बाहेर येऊन तिने आईला फोन लावला.

"आई, ऑपरेशन आत्ता जमत नाही. सरकारी दवाखान्यात नंबर लावतो."

पलीकडे पार्बताबाई कण्हली. "भावना असती तं तिनं कुठून तरी पैसे आनलेच असते."

संध्याने फोन ठेवला. तिची पाळी सुरू व्हायची वेळ झाली होती.