विकर आणि विकार

मी काही लेखक नाही, लिहायचं धाडस करतोय म्हणून आधीच माफी मागतो. जीवशास्त्राच्या तोंडी परीक्षेत मी म्हणालो होतो, विकर, म्हणजे एन्झाइम, क्रियेत संपून जातं, आणि नापास झालो. फेरपरीक्षेआधी आईच्या कामावर, सांगलीच्या खानावळीत, पाठांतर करत होतो.

"कसला विकार झालाय रं तुला?" आईनं विचारलं.

"विकार न्हाई, विकर. शरीरातली क्रिया झटपट करतं. ते कुलूप, आन् त्यात नेमकी बसणारी किल्ली म्हंजी पदार्थ."

पुरणाचा उंडा भरत ती म्हणाली, "एवढ्या गर्दीत कणीक आन् पुरण आपसूक कवा भेटायचं? माझा हात जुळवतो. पोळी तव्यावर गेली, तरी हात हाय तसाच, दुसरीला मोकळा."

फेरपरीक्षेत परीक्षकांना मी तेच सांगितलं. ते हसले. काल साताऱ्यात असताना मित्राचा फोन आला, मी पास झालो होतो.