फळ्यावरची तीन वाक्यं

मास्तरांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि लोकांच्या चुका काढल्या. निवृत्तीनंतरही नोकरी करणाऱ्या माणसांचा संध्याकाळचा वर्ग चालवायचे. बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नव्हतं. मुलगी दूरच्या शहरात एकटी राहून नोकरी करायची. तिने बापाला पत्र इंग्रजीतच लिहायचं, हा मास्तरांचा हॉस्टेलच्या दिवसांपासूनचा नियम. पत्र आलं की लाल शाईने दुरुस्त करून, वर चुकांचा आकडा टाकून, तेच पत्र परत पाठवायचे. वेगळं उत्तर कधीच नाही. शिस्त म्हणजे शिस्त! चुकलेली वाक्यं मात्र वहीत उतरवून घ्यायचे, वर्गात उपयोगी पडतात म्हणून.

त्या सोमवारी त्यांनी वहीतली ताजी तीन वाक्यं फळ्यावर लिहिली.

आय कॅन एबल टु स्लीप ओन्ली विथ टॅब्लेट्स.
आय शुड टु गो टु अ डॉक्टर.
आय वुड कम ऑन सॅटरडे.

मग त्यांची गाडी सुरू झाली. ‘कॅन’ आणि ‘एबल टु’ एकाच अर्थाचे, दोघांना एका खुर्चीत कोंबू नका. ‘शुड’नंतर ‘टु’ लावायचा नाही, सरळ ‘गो’. येणं नक्की असेल तर ‘विल’; जर-तर असेल तर ‘वुड’. त्यांनी ‘वुड’वर काट मारून वर ‘विल’ लिहिलं. वर्गाने मुकाट्याने उतरवून घेतलं.

मागच्या बाकावरची नर्स तेवढी लिहीत नव्हती. तिने विचारलं, “सर, या बाईला गोळीशिवाय झोप येत नाही. ती आली का शनिवारी? बरी आहे ना आता?”

मास्तर फळ्याकडे वळले. मुलीचं पत्र त्यांनी तीनदा तपासलं होतं, पण वाचलं नव्हतं.

वर्ग लवकर सोडून त्यांनी तिथूनच तिला फोन लावला. बरी आहेस ना, हे विचारतानाही जीभ अडखळली. शनिवारी येणार होतीस ना, म्हणाले.

“आले असते, बाबा. तिकीट काढलं होतं. शुक्रवारी तुमचं पाकीट आलं. वर लिहिलं होतं, तीन चुका. मग रद्द केलं.”

“मी येतो,” मास्तर म्हणाले. “उद्याच निघतो.”

“नको. सध्या इथे एका मैत्रिणीकडे राहते आहे. ती नेते डॉक्टरकडे.” तिचा आवाज शांत होता, परक्या माणसाशी बोलावं तसा. काळजी घ्या म्हणाली आणि फोन ठेवला.

मास्तरांनी डस्टर उचललं. पहिली दोन वाक्यं पुसली. तिसऱ्यापाशी हात थांबला. त्यांनी ‘विल’ तेवढं पुसलं, खालचं काट मारलेलं ‘वुड’ राहू दिलं आणि रिकाम्या वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसले.