अर्धी बाई

नवा प्रांत झाला आणि आमचं पांढुर्णा मध्यप्रदेशात राहिलं, नागपूर मुंबई राज्यात गेलं, त्याच हिवाळ्यात मुलींच्या शाळेची नवी इमारत उभी झाली. बाजारात आमचा फोटो स्टुडिओ होता. फोटो माझे यजमान काढत, अंधाऱ्या खोलीतली धुलाई-छपाई मी करत असे.

शाळा कमिटीचे सेक्रेटरी कापसाचे व्यापारी होते. त्यांना एकाच फोटोच्या तीन प्रती हव्या होत्या. हॉलसाठी आडवी, लांबट. ऑफिसात टांगायला उभी. आणि स्मरणिकेच्या पानासाठी चौकोनी. म्हणून यजमानांनी कॅमेरा बराच मागे नेला. माणसांच्या दोन्ही बाजूंनी अंगण मोकळं सोडलं, वरती इमारतीची पाटी आणि झेंडा येऊ दिला. मधल्या खुर्चीवर देणगीदार, शेजारी सेक्रेटरी, मग कमिटीची मंडळी. डाव्या टोकाला शाळेच्या बाई उभ्या. शाळेला छप्पर नव्हतं तेव्हापासून बाईंनी स्वतःच्या ओसरीवर पोरी शिकवल्या होत्या. त्यांना खुर्ची कोणी दिली नाही. पुढे जमिनीवर पोरी बसल्या, त्यातल्या एकीच्या डोक्यावर बाईंचा हात होता. उभ्या प्रतीसाठी सगळ्यांना दोन रांगांत जवळ घेऊन निगेटिव्हची दुसरी काचेची प्लेट काढायची होती, पण पाहुणे चहाला उठून गेले.

मी काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे पहिल्या छापावर सरकवत बसले. आडव्यात वरचा झेंडा आणि खालची माती गेली, डोक्यांवर मोकळी जागा राहिली. चौकोनीत दोन्हीकडचं रिकामं अंगण गेलं, बाईंच्या पदराबाहेरही बोटभर जागा उरली. उभ्यात मात्र पूर्ण रांग मावेना. मग मधलेच लोक घ्यायचे, पण कडेची रेघ दोन माणसांच्या मधून न्यायची, कोणाच्या तोंडावरून नाही. सेक्रेटरींना मी तसं सांगितलं, त्यांनी मान डोलावली. उभ्या प्रतीत बाई येत नव्हत्या. मला ते खुपलं, पण चौकोनीत त्या पूर्ण होत्या, आणि स्मरणिका घरोघर जाणार होती.

स्मरणिका नागपूरहून छापून आली. पान उघडलं आणि माझ्या अंगाचा भडका उडाला. देणगीदारांचा चेहरा मोठा दिसावा म्हणून माझा चौकोन पुन्हा कापला होता. बाईंचा एक कान, चष्म्याची एक काच, कुंकू नसलेलं अर्धं कपाळ. पोरीच्या डोक्यावरचा हात तेवढा अख्खा, जणू कोणाचाच नसलेला.

तशीच बाजारात समोरच असलेल्या सेक्रेटरींच्या दुकानात गेले. त्यांनी आधी छापखान्यावर ढकललं. छापखाना आता परराज्यात, कोण जाईल भांडायला, म्हणाले. नागपूरची मोटार रोज दारावरून जात होती, तिला प्रांत कळत नव्हता. मी विचारलं, छापखानेवाला आपल्या मनानं कापेल का? तेव्हा शांतपणे म्हणाले, "मीच सांगतलं होतं. देणगीदाराचं मुंडकं कापता येते का, वहिनी? मास्तरनीचं चालते."

ते अडाणी असते तर मी समजावलं असतं. त्यांना सगळं कळत होतं.

"गाळायचं होतं तं पूर्ण गाळायचं होतं," मी म्हटलं. "अर्धा माणूस छापता तुमी?"

त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं.

घरी येऊन तीच प्लेट लावली. डावीकडचा भाग उभा घेतला: बाई नखशिखांत, पुढच्या चार पोरी, वर दरवाजा. पलीकडच्या खुर्चीच्या अलीकडेच रेघ आणली. मोठा कागद छापला आणि स्टुडिओच्या बाजाराकडच्या काचेत लावला. यजमान म्हणाले, "कायले वैर घेऊन राहिली तू?" पुढं कमिटीची आणि त्यांच्या सोयऱ्यांची लग्नं सौंसरच्या फोटोग्राफरकडे गेली. यजमान कितीतरी दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत. तरी काचेतला फोटो मी उतरवला नाही.

बाई एकदा आल्या. काचेसमोर उभ्या राहून बघितलं, मग आत येऊन बसल्या. वर्गात ते पान पाहून पोरी हसल्या, असं त्यांनी सांगितलं. त्या रडल्या नाहीत, त्यांचा आवाज चिडलेला होता. कमिटीनं त्यांचा सत्कार ठरवला होता.

"मी त्याईले म्हटलं, आता सत्काराले बोलवू नका. येनार नाही."

आणि गेल्या नाहीत. सत्काराची शाल शाळेच्या शिपायाबरोबर घरी आली, ती त्यांनी तशीच परत पाठवली. काचेतला फोटो हवा का म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "इथंच राहू दे. त्याईच्या दुकानातून दिसते."

खरंच दिसत होता. सेक्रेटरी त्यानंतर दुकानात पाठ करून बसू लागले. त्या पाठीकडे बघूनही माझा राग गेला नाही, आणि आज त्या स्मरणिकेची प्रत कुठं हाती लागली तर अजून जात नाही.