ईशान्येच्या कोपऱ्यातली माती

माझी आई आदिलाबादकडची. त्यामुळे अकोटमध्ये राहूनही आमच्या घरात तेलुगू बोललं जायचं, आणि शाळेतल्या मुली मला त्यावरून चिडवायच्या. पुढे मीच शाळेत शिकवायला लागले, निवृत्तही झाले. त्या तेलुगूचा कुणाला काही उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं.

मग तेलंगणातून काही कुटुंबं तेल्हाऱ्याच्या रस्त्याला शेती बटाईने करायला आली. एका मे महिन्यात आमच्या भागातला कृषी सहाय्यक माती परीक्षणाचा अहवाल घेऊन दारात उभा राहिला. पोरगा कामाचा, पण घाईचा. त्याच्या मागे एक नवरा-बायको. नवरा गप्प, बायको चाळिशीची, पदर कमरेला खोचलेला.

"मॅडम, यायले मराठी वाचता येत नाही. तुमी तेलुगूत लिहून द्या. मले अजून चार गावं करायची हायेत."

बाई मला पहिल्या वाक्यापासून अक्का म्हणायला लागली. गावाकडे त्यांची मिरची दोन वर्षं लागोपाठ रोगाने गेली होती. तिने ठरवलं होतं, इथे एक वर्ष मिरची लावायची. आली तर इथेच राहायचं, मुलीला इथल्या शाळेत घालायचं. नाही आली तर सामान बांधून परत, आणि मग दुसऱ्याच्या शेतात मजुरी. हे सगळं तिने पाणी प्यायच्या आधी सांगितलं. रोप टाकायची जागाही तयार केली होती. फक्त कागद काय म्हणतो ते तिला ऐकायचं होतं.

मी चष्मा लावून बसले. नत्राला तेलुगूत नत्रजनि, स्फुरदाला भास्वरम्, पालाशला सगळे पोटॅशच म्हणतात. पीएचला पुस्तकी शब्द आहे, पण तो लिहिला असता तर मी अजून शाळेतच शिकवतेय असं तिला वाटलं असतं. म्हणून समजावलं, की सात म्हणजे मधोमध. खाली गेलं की माती चिंचेसारखी आंबट, वर गेलं की धुण्याच्या सोड्यासारखी. साडेआठच्या वर गेलं की जस्त, लोह जमिनीत असूनही झाडाला घेता येत नाही आणि पानं पिवळी पडतात.

मग खताची मात्रा. कागदावर हेक्टरी किलो, तेही शुद्ध अन्नद्रव्याचे, पिशवीतल्या खताचे नव्हेत. शेतकरी ओळखतो एकर आणि बॅग. हेक्टरी शंभर किलो नत्र म्हणजे एकरी चाळीस, आणि तेवढं युरियातून द्यायचं तर सत्त्याऐंशी किलो, म्हणजे दोन बॅगांना थोडं कमी. हा हिशेब न करता आकडे नुसते तेलुगूत उतरवले असते, तर त्यांनी हेक्टरचं खत एकरात ओतलं असतं.

पण लिहिता लिहिता माझा हात थांबला. पीएच साडेसात. सेंद्रिय कर्ब भरपूर, स्फुरद जास्त, पालाश तर विचारूच नका. हे शेत खारपाण पट्ट्यातलं. तिथल्या विहिरीचं पाणी गुळणी करायलाही नको वाटतं. माझ्या धाकट्या दिराचं वावर त्याच शिवारात आहे. त्याच्या माती परीक्षणाच्या कार्डावर पीएच साडेआठच्या खाली आलेला मी कधी पाहिला नाही.

मी सहाय्यकाला तसं म्हटलं.

"मॅडम, रिपोर्ट लॅबचा हाय. तुमी काहून डोकं लावून राहिल्या? फक्त तेलुगू करा नं."

माझं टाळकंच सटकलं. "मी टाइपरायटर आहे का रे? उद्या हिची मिरची जळाली तर माझ्या अक्षरातला कागद हिच्या हातात असेल."

मी बाईला तेलुगूत विचारलं, माती कुठून घेतली?

ती आनंदाने सांगू लागली. नवीन जमिनीत पाय ठेवला तेव्हा त्यांनी ईशान्येच्या कोपऱ्यात पूजा केली होती, नारळ फोडला होता. ईशान्य म्हणजे देवाची दिशा. सरकारला माती पाठवायची तर तीही तिथलीच पाठवावी, शुभ असते. अर्धा किलो माती तिने त्या एका कोपऱ्यातून, हात धुऊन, पिशवीत भरली होती.

"त्या कोपऱ्यात आधी काय होतं?"

नवरा पहिल्यांदा बोलला. "मालकाची गुरं बांधायचे. शेणाचा ढीगही तिथेच होता."

मला हसू आलं नाही. नांगर धरायच्या आधी जमिनीला नमस्कार करणाऱ्या बाईला मी काय बोलणार होते? मी तिला सांगितलं, की देवाची जागा राहू दे, पण शेताचं दुखणं सगळ्या अंगाला विचारावं लागतं. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्यायचे, बांध, झाड आणि उकिरडा सोडून. सगळी माती एकत्र करायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सहाय्यकाने, हे त्याचं श्रेय, चार गावं बाजूला ठेवून दुसऱ्या सकाळी स्वतः त्यांच्यासोबत नमुना घेतला.

दुसरा अहवाल पेरणीच्या तोंडावर आला. पीएच आठ पूर्णांक आठ. कर्ब कमी, नत्र कमी, स्फुरद कमी, जस्त कमी. फक्त पालाश भरपूर, जसा आपल्या काळ्या जमिनीत असतो.

बाई माझ्यासमोर जमिनीवर बसली होती. या वेळी समजावायला फार शब्द लागलेच नाहीत. अशा जमिनीला आपण चोपण म्हणतो, तेलुगूत चौडु म्हणतात. मी तेवढा एक शब्द उच्चारला आणि तिचा चेहरा उतरला. तिने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं. पहिला कागद तसाच लिहून दिला असता तर निदान आज तरी ती हसत घरी गेली असती, असा मूर्ख विचारही मनात येऊन गेला.

मी लिहून दिलं: मिरची नको, ती चोपणात टिकत नाही; कपाशी लावा. विहिरीचं पाणी देऊ नका, पावसावर घ्या. एकरी युरिया दीड बॅग, दोन-तीन हप्त्यांत. डीएपीऐवजी सुपर फॉस्फेट दोन बॅगा पेरणीबरोबर, त्यात चोपण सुधारणारं जिप्समही असतं. झिंक सल्फेट दहा किलो, पण सुपर फॉस्फेटमध्ये मिसळू नका. पोटॅश नको. जिप्सम किती टाकायचं त्याची तपासणी वेगळी करावी लागते, ती करून घ्या.

तिने कागदाची घडी केली. मग विचारलं, "अक्का, पहिला कागद खोटा होता का?"

मी म्हटलं, "नाही. त्या कोपऱ्यापुरता खरा होता."

त्या वर्षी त्यांनी कपाशी केली. कोपऱ्यात मात्र तिने मिरचीची रोपं लावली आणि पाऊस ओढ देई तेव्हा घरच्या नळाचं गोडं पाणी कळशीने नेऊन घातलं. दिवाळीनंतर वाळलेल्या मिरच्या माझ्याकडे आल्या. कपाशी बेताची झाली, पण झाली. मुलगी शाळेत जाऊ लागली होती.

पुढच्या मे महिन्यात ती एकटीच आली, हातात कापडी पिशवी.

"कुठून घेतलीस?"

"सगळीकडून. देवाचा कोपरा सोडून." मग म्हणाली, "आता थोडी सुधारली असेल ना?"

एका वर्षात चोपण जमीन हलत नाही, मला ठाऊक होतं. मी तसं तिला स्पष्ट सांगितलं. वर्षं लागतील म्हटलं.

"लागू देत," म्हणाली, आणि पिशवी माझ्या हातात दिली.