भार्गवीसाठी ठेवलेला कोड

चेतना म्हेत्रे सोलापुरी चादरी ऑनलाइन विकते. हजार रुपये किंमत लावलेली चादर तिला कुरिअर धरून सहाशे ऐंशीला पडते. म्हणून तिने सगळ्या मालावर पंचवीसच टक्क्यांचा सेल लावला. साडेसातशेला विकून सत्तर सुटतात. सेलवर कुठलाही कूपन कोड चालू नये, ही सेटिंगही तिनेच केलेली.

अपवाद एकच. कॉलेजची मैत्रीण भार्गवी नणंदेच्या बाळाच्या बारशाला एक चादर मागत होती. फुकट घ्यायला तयार नव्हती. मग चेतनाने तिच्यासाठी सेलवरही चालणारा वीस टक्क्यांचा कोड काढला. चादर सहाशेला जाणार, ऐंशी रुपये चेतनाच्या पदरचे. कोड एकदाच चालेल, एकाच चादरीला चालेल, अशी अट घालायची तिला लाज वाटली. मैत्रिणीला कसल्या अटी घालायच्या?

सकाळी त्या कोडवर चाळीस चादरींची ऑर्डर आली. पत्ता अकलूजच्या दुकानाचा.

"दीरांचं दुकान आहे," भार्गवी फोनवर म्हणाली. "कोड चालला, म्हणून घेतल्या. ते साडेआठशेला विकतील. तुझाच माल खपतोय की."

चेतनाने बोलता बोलता कोड बंद केला, ऑर्डर रद्द केली. मग शांतपणे विचारलं, "बारसं कधी आहे गं?"

भार्गवीला तारीख सांगता आली नाही.