बाकी सगळं बंद ठेवून

आमच्या लॅबमध्ये सर्किट तपासणाऱ्या बाईंना सगळे ‘किरकिरबाई’ म्हणायचे. साहेब बोर्डावरचं बाकी सगळं बंद ठेवून क्लॉक, म्हणजे अख्ख्या बोर्डाला ताल देणारा ठोका, मोजायचे आणि म्हणायचे, “बघा, ठोका जराही हलत नाही!”

बाई फणकारायच्या, “घरच्यांना बाहेर काढायचं आणि घर शांत आहे म्हणायचं! सगळं एकदम चालू झालं की सप्लायचा व्होल्टेज डगमगतो. मग क्लॉकच्या वाटेवर ठोका पुढे ढकलणारे इवलेसे स्विच, ते गेट, कधी रेंगाळतात, कधी घाई करतात, आणि ठोका मागेपुढे होतो.”

शेवटी गिऱ्हाइकाकडे बोर्ड ऐन कामाच्या भरात चुकायला लागले. खापर तपासणीवर फुटलं आणि बाईंनाच घरी बसवलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी क्लॉक पुन्हा मोजला, बाकी सगळं बंद ठेवून. ठोका कशाला हलतोय!